९८ किलो, १.३ क्रिएटिनिन आणि तीन वेगळी उत्तरं

शिकवण्यासाठी जुळवलेलं हे प्रकरण आहे. क्रिएटिनिन क्लिअरन्स, म्हणजे मूत्रपिंड रक्त किती वेगाने साफ करतं त्याचा अंदाज, लठ्ठ रुग्णात काढताना कुठलं वजन घ्यायचं, हा त्यातला प्रश्न. त्यातली बाई कोणी एक व्यक्ती नाही, पण असे आकडे घेऊन येणारी माणसं आपल्या कुठल्याही मेडिसिन वॉर्डात रोज दिसतात.

वय ६६, बाई. बारा वर्षांचा मधुमेह, रक्तदाब, आणि एट्रियल फिब्रिलेशनसाठी रिव्हरॉक्साबॅन २० मिलिग्रॅम रोज रात्री जेवणाबरोबर. दोन्ही गुडघे झिजलेले, त्यामुळे घरातल्या घरातच वावर. शनिवारी थंडी वाजून ताप, उजव्या कुशीत दुखणं आणि लघवीला जळजळ अशा तक्रारींनी दाखल झाल्या. मूत्रपिंडापर्यंत पोहोचलेला जंतुसंसर्ग गृहीत धरून सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन सुरू झालं. सोमवारी कल्चर आलं: ई. कोलाय, सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनला दाद न देणारा, अ‍ॅमिकासिनला देणारा. ताप अजून १०१ वर होता, पण रक्तदाब सांभाळलेला आणि बाई शुद्धीवर, बोलत्या.

अ‍ॅमिकासिन द्यायचं ठरलं. यावर कोणी म्हणेल की मधुमेही, वयस्क बाईला अ‍ॅमिकासिन कशाला, सरळ मेरोपेनेमसारखं कार्बापेनेम द्या. म्हणणं रास्त आहे, आणि पुष्कळ जण तसंच करतील. आमच्या सरांचं मत असं की संसर्ग मूत्रमार्गापुरता आहे, रुग्ण स्थिर आहे, तर मेरोपेनेम राखून ठेवावं. तो वाद इथे सोडवायचा नाही. अ‍ॅमिकासिन द्यायचं ठरल्यावर पुढे काय झालं, ते पाहू.

रेसिडेंटने फोनमधल्या कॅल्क्युलेटरमध्ये वय, वजन आणि क्रिएटिनिन भरलं आणि सांगितलं, "सर, क्लिअरन्स ६६ येतोय. किलोमागे पंधरा मिलिग्रॅमने १४७० होतात, दीड ग्रॅम रोज लिहू का?"

सरांनी विचारलं, "वजन कुठून आणलंस?"

वजन मुलाने सांगितलं होतं: "आईचं शंभराच्या आसपास असेल." केसपेपरवर ९८ लिहिलेलं होतं, ते जुन्या एका चिठ्ठीवरून. उंचीची जागा रिकामी होती. आपल्याकडे ही जागा जवळजवळ नेहमीच रिकामी असते, कारण कोणी ती विचारत नाही, आणि बहुतेक अ‍ॅप उंचीशिवायही उत्तर देऊन टाकतात. त्या दिवशी सिस्टरनी बाईंना आधार देऊन काट्यावर उभं केलं तर वजन खरंच ९८ भरलं, आणि भिंतीला टेकवून उंची मोजली ती १५५ सेंटिमीटर निघाली. पायांवर सूज नव्हती. हेही बघावं लागतं, कारण सुजेचं पाणी वजनात धरलं जातं आणि त्या पाण्यातून क्रिएटिनिन तयार होत नाही.

क्रिएटिनिनचा इतिहासही काढला. दोन महिन्यांपूर्वी १.२, दाखल होताना १.४, सलाइन गेल्यावर सोमवारी सकाळी १.३. म्हणजे आकडा जवळपास जागच्या जागी आहे. हे तपासल्याशिवाय पुढचं कुठलंच गणित मांडण्यात अर्थ नसतो. रक्तातला आकडा स्थिर असेल तरच जेवढं क्रिएटिनिन तयार होतं तेवढंच बाहेर पडतंय असं म्हणता येतं, आणि सूत्र उभं आहे ते एवढ्याच गृहीतकावर. हाच १.३ जर काल ०.८ असता आणि उद्या १.९ होणार असता, तर आजचा खरा क्लिअरन्स पुष्कळ कमी असता आणि सूत्राने तरीही साठ-सत्तर सांगितलं असतं.

आता सूत्र. डोनाल्ड कॉक्रॉफ्ट आणि हेन्री गॉल्ट यांनी ते १९७६ साली प्रसिद्ध केलं:

```
(१४० − वय) × वजन
─────────────────      (स्त्रियांसाठी × ०.८५)
७२ × क्रिएटिनिन
```

वय वर्षांत, वजन किलोत, क्रिएटिनिन डेसिलिटरला मिलिग्रॅममध्ये, आणि उत्तर मिनिटाला मिलिलिटर. पाठ सगळ्यांना असतं, पण १४० आणि ७२ हे आकडे आले कुठून हे क्वचित कोणी सांगतं. ते कळलं की "कुठलं वजन" या प्रश्नाची अर्धी उकल तिथेच होते.

त्या दोघांकडे २४९ पुरुष रुग्णांची माहिती होती. त्यातून त्यांनी आधी एक साधी गोष्ट काढली: माणूस दिवसाला लघवीतून किती क्रिएटिनिन टाकतो. उत्तर आलं, किलोमागे २८ वजा वयाच्या एक पंचमांश इतके मिलिग्रॅम. वीस वर्षांच्या तरुणाचं किलोमागे २४ आणि ऐंशीच्या आजोबांचं १२. या रोजच्या उत्पादनाला रक्तातल्या प्रमाणाने भागलं, दिवसाच्या १४४० मिनिटांचा आणि एककांचा हिशेब घातला, की खाली १४.४ येतात. मग वर-खाली पाचाने गुणायचं: २८ चे १४० होतात, वयाचा एक पंचमांश जाऊन पूर्ण वय राहतं, आणि १४.४ चे ७२.

म्हणजे सूत्राचा वरचा भाग मूत्रपिंडाबद्दल काहीच सांगत नाही. ते शरीर दिवसाला किती क्रिएटिनिन तयार करतं, याचा तो अंदाज आहे. क्रिएटिनिन येतं स्नायूंमधून, आणि १९७६ च्या त्या रुग्णांमध्ये वजन हे स्नायूंचं बऱ्यापैकी प्रतिनिधित्व करत होतं. स्त्रियांचा ०.८५ हा गुणकही त्यांच्या माहितीतून निघालेला नव्हता. स्त्रियांमध्ये वजनाच्या मानाने स्नायू कमी, म्हणून तो धरलेला आहे.

तर आपल्या बाईंसाठी प्रश्न असा विचारायला हवा: या शरीरात दिवसाला किती मिलिग्रॅम क्रिएटिनिन तयार होत असेल? वय ६६, म्हणजे किलोमागे २८ वजा १३.२, अर्थात १४.८. त्याला ०.८५ ने गुणलं की साधारण १२.६. ९८ किलोंनी गुणलं तर दिवसाला सव्वा बाराशेच्या वर मिलिग्रॅम होतात. घरात भिंत धरून चालणाऱ्या, मांड्यांचे स्नायू वर्षानुवर्षं न वापरलेल्या ६६ वर्षांच्या बाईसाठी हा आकडा पटत नाही. ९८ किलोंतला मोठा हिस्सा चरबीचा आहे आणि चरबी क्रिएटिनिन बनवत नाही. पूर्ण वजन घातलं की सूत्र ती चरबी स्नायू म्हणून मोजतं, आणि क्लिअरन्स फुगतो.

मग आदर्श वजन घ्यावं का? बेन डिव्हाइन यांचं १९७४ चं सूत्र वापरात आहे: स्त्रियांसाठी पाच फुटांना ४५.५ किलो, त्यावरच्या प्रत्येक इंचाला २.३ किलो, पुरुषांसाठी सुरुवात ५० पासून. ते आलं जेंटामायसिनच्या डोसवरच्या लेखातून. १५५ सेंटिमीटर म्हणजे ६१ इंच, तेव्हा बाईंचं आदर्श वजन ४७.९ किलो. त्यावरून रोजचं उत्पादन साधारण ६०० मिलिग्रॅम. हे आता फार कमी वाटतं. पन्नास किलो जास्तीचं वजन वर्षानुवर्षं वाहणाऱ्या शरीरात त्याच उंचीच्या सडपातळ बाईपेक्षा स्नायू थोडे तरी जास्त असतातच. वाढलेलं वजन नुसती चरबी नसतं, तिला धरून ठेवणारं, उचलणारं, रक्त पुरवणारं काहीतरी सोबत येतं.

इथे एक आपल्याकडची अडचण. पाच फुटांपेक्षा कमी उंचीच्या बाया आपल्या ओपीडीत कितीतरी असतात. डिव्हाइनचं सूत्र त्या उंचीखाली काय करायचं ते सांगत नाही. काही जण इंचामागे २.३ वजा करतात, काही ४५.५ वरच थांबतात. चार फूट नऊ इंचांच्या बाईसाठी यातून जवळपास सात किलोंचा फरक पडतो. मी वजा करतो, पण उत्तर खऱ्या वजनापेक्षा जास्त आलं तर खरं वजनच घेतो. काटक, चाळीस किलोंच्या आजींना कागदावर पंचेचाळीस किलोंचं करू नये.

दोन्हींच्या मधला मार्ग म्हणजे समायोजित वजन:

```
आदर्श वजन + ०.४ × (खरं वजन − आदर्श वजन)
```

बाईंसाठी ४७.९ अधिक ५०.१ चे चार दशांश, म्हणजे ६७.९ किलो. रोजचं उत्पादन साधारण ८५५ मिलिग्रॅम. हे पटण्यासारखं आहे.

हा ०.४ मात्र आकाशातून पडलेला नाही, आणि तो मुळात मूत्रपिंडासाठी काढलेलाही नव्हता. अ‍ॅमिकासिनसारखी अ‍ॅमिनोग्लायकोसाइड औषधं पेशीबाहेरच्या पाण्यात पसरतात. चरबीतही थोडं पाणी असतं. लठ्ठ रुग्णांमध्ये ही औषधं किती जागेत पसरतात ते मोजल्यावर जास्तीच्या वजनाचा साधारण ४० टक्के भाग धरला की मेळ बसतो असं दिसलं. पुढे तोच गुणक क्लिअरन्सच्या सूत्रातही शिरला, आणि तिथेही बरा चालला. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेत लघवी गोळा करून मोजलेल्या क्लिअरन्सशी वेगवेगळी वजनं ताडून पाहिली. कमी वजनाच्या रुग्णांत खरं वजन, सामान्य वजनाच्यांत आदर्श वजन आणि लठ्ठ रुग्णांत ०.४ चं समायोजित वजन जास्त जवळ गेलं. व्यवहारात खरं वजन आदर्शाच्या १२० किंवा १३० टक्क्यांच्या वर गेलं की समायोजित वजन घेतात. आपल्या बाई २०५ टक्क्यांवर आहेत, तिथे शंका नाही.

तिन्ही वजनं सूत्रात घालून पाहू:

```
खरं वजन        ९८.० किलो    →  ६६ मिली/मिनिट
समायोजित वजन   ६७.९ किलो    →  ४६ मिली/मिनिट
आदर्श वजन      ४७.९ किलो    →  ३२ मिली/मिनिट
```

बाई एक, रक्ताचा नमुना एक, आणि उत्तरं ३२ पासून ६६ पर्यंत. वयात पाच वर्षांची किंवा क्रिएटिनिनमध्ये ०.१ ची चूक झाली तर उत्तर फार तर पाच-सहाने हलतं. वजनाच्या निवडीने ते दुप्पट होतं.

आता हे अ‍ॅमिकासिनला लावायचं. रोज एकच मोठा डोस द्यायच्या पद्धतीत दोन निर्णय वेगळे असतात आणि ते एकमेकांत मिसळले की घोटाळा होतो. डोस किती, हे औषध किती जागेत पसरतं त्यावर ठरतं. पुढचा डोस किती तासांनी, हे क्लिअरन्सवर. म्हणून पहिल्या डोससाठी क्लिअरन्सची वाट बघायची गरज नसते, पण वजन दोन्हीकडे लागतं. किलोमागे १५ मिलिग्रॅम धरले तर खऱ्या वजनाने १४७०, समायोजित वजनाने साधारण १०२० आणि आदर्श वजनाने ७२० मिलिग्रॅम. अंतरासाठी आम्ही हार्टफर्डची विभागणी वापरतो. अमेरिकेतल्या हार्टफर्ड रुग्णालयाने १९९५ साली ती जेंटामायसिन आणि टोब्रामायसिनसाठी प्रसिद्ध केली, पुढे अ‍ॅमिकासिनलाही अनेक ठिकाणी लावली जाऊ लागली: क्लिअरन्स ६० किंवा वर असेल तर २४ तास, ४० ते ५९ ला ३६ तास, २० ते ३९ ला ४८ तास.

बाईंचे तीन आकडे बरोबर या तीन खान्यांत एकेक जाऊन बसतात. रेसिडेंटच्या हिशेबाने दर २४ तासांनी दीड ग्रॅम. आदर्श वजनाच्या हिशेबाने दर ४८ तासांनी सातशे वीस मिलिग्रॅम. आठवड्याभरात पहिल्या मार्गाने साडेदहा ग्रॅम अ‍ॅमिकासिन गेलं असतं आणि दुसऱ्या मार्गाने तीन ग्रॅमच्या आत. पहिल्यात मूत्रपिंड आणि कान धोक्यात, कारण या औषधाने गेलेली ऐकण्याची शक्ती सहसा परत येत नाही. दुसऱ्यात ताप उतरेल का हाच प्रश्न. घाबरून कमी डोस देणं सुरक्षित वाटतं, पण अ‍ॅमिकासिन जंतू मारतं ते रक्तातल्या पातळीच्या शिखराच्या उंचीवर. लहान डोस लांब अंतराने दिला की दोन्हीकडून तोटा.

आम्ही समायोजित वजनाने १००० मिलिग्रॅम दर ३६ तासांनी लिहिलं. ५०० च्या दोन व्हायल, शंभर मिली सलाइनमध्ये, अर्ध्या तासात.

लिहिणं सोपं, पाळणं कठीण. ३६ तासांचा डोस ड्रग चार्टच्या सकाळ-दुपार-रात्र या रकान्यांत बसतच नाही. पाळी बदलली की नव्या सिस्टर "काल रात्री दिला होता, म्हणजे आजही रात्री" असं समजून देऊन मोकळ्या होतात. म्हणून "३६ तासांनी" असं न लिहिता वार आणि वेळ लिहिली: सोमवार रात्री ८, बुधवार सकाळी ८, गुरुवार रात्री ८, शनिवार सकाळी ८, रविवार रात्री ८. मधले दिवस आडव्या रेघेने बंद केले.

आकड्यांची आणखी एक बाजूने खातरजमा केली. लठ्ठ रुग्णांसाठी सालाझार आणि कॉर्कोरन यांचं १९८८ चं वेगळं सूत्र आहे, त्यात उंची आणि वजन दोन्ही जातात. त्याने ५३ आले. प्रयोगशाळेच्या कागदावर ईजीएफआर ४५ छापलेला होता. हा ४५ आपल्या ४६ शी जुळला म्हणून रेसिडेंट खूश झाला, पण तो मेळ योगायोगाचा आहे. ईजीएफआर १.७३ चौरस मीटर पृष्ठभागाच्या प्रमाण शरीरासाठी असतो. बाईंचा पृष्ठभाग साधारण २.०५ चौरस मीटर. औषधाच्या डोससाठी ४५ ला २.०५ ने गुणून १.७३ ने भागायला हवं, मग ते ५३ होतात. म्हणजे वेगवेगळ्या वाटांनी ४६, ५३ आणि पुन्हा ५३. हे सगळे ३६ तासांच्याच खान्यात आहेत, आणि मला त्या दिवशी धीर आला तो यामुळे. एकाच सूत्राच्या दशांशांवर भरवसा ठेवण्यापेक्षा हे बरं.

गुरुवारी क्रिएटिनिन १.३ च राहिलं. ताप बुधवारी संध्याकाळी उतरला. दुसऱ्या डोसच्या आधी रक्तातली अ‍ॅमिकासिनची पातळी पाठवली होती. ती बाहेरगावच्या प्रयोगशाळेत जाते, अहवाल यायला दुसरा दिवस उजाडतो. पातळी लिटरला १ मिलिग्रॅमच्या आत आली. यावरून औषध साठत नाही एवढं कळतं. ४६ बरोबर होता हे त्यातून सिद्ध होत नाही, कारण क्लिअरन्स ६६ असता तरी ३६ तासांनी पातळी एकच्या आतच असती. क्लिअरन्स खरा किती ते पडताळायचं असेल तर डोसनंतर दोन वेगवेगळ्या वेळी नमुने घेऊन पातळी किती वेगाने उतरते ते बघावं लागतं. त्याचा खर्च नातेवाइकांवर टाकण्याइतकी गरज इथे दिसली नाही.

गुरुवारच्या राउंडला रेसिडेंटने दुसरा मुद्दा काढला, आणि या प्रकरणात मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो हाच.

"मॅडमच्या क्लिअरन्सचा खरा आकडा ४६ धरायचा, तर रिव्हरॉक्साबॅन २० चालू कसं? ५० च्या खाली १५ द्यायचं असतं. कमी करतो."

तर्क अगदी बिनतोड दिसतो. एकदा ठरवलं ना की लठ्ठ माणसाला समायोजित वजन, मग सगळ्या औषधांना तेच.

पण रिव्हरॉक्साबॅनची ५० ची रेघ कुठून आली ते बघायला हवं. एट्रियल फिब्रिलेशनमधली रिव्हरॉक्साबॅनची मोठी चाचणी, रॉकेट एएफ, २०११ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात कॉक्रॉफ्ट-गॉल्ट सूत्राने क्लिअरन्स काढून ३० ते ४९ असणाऱ्यांना १५ मिलिग्रॅम आणि त्यावरच्यांना २० मिलिग्रॅम दिलं होतं. औषधाच्या अमेरिकी माहितीपत्रकात तर स्पष्टच लिहिलेलं आहे की क्लिअरन्स खऱ्या वजनाने काढावा. म्हणजे आपल्या बाईंसारखी, स्नायू कमी आणि चरबी जास्त असलेली रुग्ण अशा हिशेबात ६६ मोजली जाते आणि २० मिलिग्रॅमच्या गटात पडते. पक्षाघात किती टळले आणि रक्तस्राव किती झाले याचे निकाल याच विभागणीचे आहेत. शेराने मोजून ठरवलेला भाव किलोला लावायचा नसतो. रेघ ज्या मापाने आखली, रुग्णही त्याच मापाने मोजायचा.

म्हणून अ‍ॅमिकासिनसाठी ४६ आणि रिव्हरॉक्साबॅनसाठी ६६, हे दोन्ही आकडे एकाच केसपेपरवर, एकाच दिवशी बरोबर आहेत. पहिला आकडा विचारतो, मूत्रपिंड हे औषध किती वेगाने बाहेर टाकेल. दुसरा विचारतो, अभ्यासात ही बाई कुठल्या गटात पडली असती. रिव्हरॉक्साबॅन १५ केलं असतं तर वरवर काही दिसलं नसतं. नाकातून रक्त नाही, अंगावर काळे-निळे डाग नाहीत, सगळे खूश. कमी डोसचा दुष्परिणाम दिसतो तो एखाद्या सकाळी अर्धं अंग लुळं पडल्यावर, आणि तेव्हा त्याचं खापर कोणी गोळीच्या डोसवर फोडत नाही. रेसिडेंट बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "सर, मग फाइलमध्ये क्लिअरन्स काय लिहू?" प्रश्न योग्य होता. आम्ही दोन्ही लिहिले, प्रत्येकापुढे वजन आणि औषध लिहून. नुसतं "क्लिअरन्स ४६" लिहिलं असतं तर पुढच्या डॉक्टरांनी तोच आकडा उचलून गोळी कमी केली असती.

बऱ्याच जुन्या औषधांच्या माहितीपत्रकात कुठलं वजन घ्यावं हे लिहिलेलंच नसतं. मेरोपेनेमचं उदाहरण घ्या: क्लिअरन्स ५० च्या वर असेल तर दर आठ तासांनी, २६ ते ५० असेल तर बारा तासांनी. आपल्या बाई खऱ्या वजनाने आठ तासांच्या बाजूला, समायोजित वजनाने बारा तासांच्या. अशा ठिकाणी मी समायोजित वजनाने सुरुवात करतो आणि मग दोन गोष्टी बघतो. औषध जास्त झालं तर काय बिघडतं, आणि कमी पडलं तर काय. मेरोपेनेम थोडं जास्त झालं तर सहसा फार बिघडत नाही. गंभीर संसर्गाच्या पहिल्या दोन दिवसांत ते कमी पडलं तर मात्र बिघडतं. तेव्हा सुरुवातीला आठ तासांनीच द्यावं आणि क्रिएटिनिन कुठे जातं ते बघून मग अंतर वाढवावं. अ‍ॅमिकासिनबाबत असा सैलपणा चालत नाही.

सूत्राची एक जुनी खोट इथेच सांगून टाकतो. १९७६ साली क्रिएटिनिन मोजायच्या पद्धती आजच्यासारख्या प्रमाणित नव्हत्या, आणि आकडा थोडा जास्त यायचा. आज तोच नमुना थोडा कमी दाखवतो. कमी आकडा जुन्या सूत्रात घातला की क्लिअरन्स थोडा वाढून येतो. लठ्ठ रुग्णात खरं वजनही घातलं तर दोन्ही चुका एकाच दिशेने जातात. समायोजित वजन घ्यायला मला हे आणखी एक कारण वाटतं.

बाई मंगळवारी घरी गेल्या. तीन आठवड्यांनी फेरतपासणीला आल्या तेव्हा संसर्ग पूर्ण गेलेला होता, आणि चोवीस तासांची लघवी गोळा करायला त्या तयार झाल्या. ही तपासणी करणं जिकिरीचं असतं. पहिल्या सकाळची लघवी सोडून द्यायची, त्यानंतरची प्रत्येक वेळची धरायची आणि दुसऱ्या सकाळची घेऊन थांबायचं. एक-दोनदा विसरलं की क्लिअरन्स खोटाच कमी येतो. सूनबाईंनी कॅनवर वेळा लिहून ठेवल्या होत्या. लघवी १६५० मिली भरली, क्रिएटिनिन डेसिलिटरला ५७ मिलिग्रॅम. म्हणजे दिवसाला साधारण ९४० मिलिग्रॅम.

आपण सुरुवातीला धरलेले अंदाज आठवा: खऱ्या वजनाने सव्वा बाराशेच्या वर, आदर्श वजनाने सहाशे, समायोजित वजनाने साडेआठशे. रक्तात १.३ असताना ९४० वरून क्लिअरन्स ५० येतो. त्यातही थोडं क्रिएटिनिन गाळण्यातून न येता नलिकांमधून सोडलं गेलेलं असतं, तेव्हा प्रत्यक्ष गाळण्याचा वेग पन्नासच्याही थोडा खालीच असणार. ४६ चा अंदाज दूर गेला नव्हता. एका बाईत तो बसला म्हणून सगळ्यांत बसेल असं नाही. बीएमआय ४० च्या बराच पुढे गेला की ०.४ हा गुणक आणखी ढोबळ होतो, आणि पूर्वी पहिलवानी केलेला, आता सुटलेला माणूस आणि आयुष्यभर बैठं काम केलेला माणूस यांचं वजन आणि उंची सारखी असली तरी स्नायू सारखे नसतात. सूत्राला यातला फरक दिसत नाही. दंड आणि मांड्या बघणाऱ्या डॉक्टरला दिसतो.

जाताना बाईंनी विचारलं की हाडांच्या डॉक्टरांनी गुडघे बदलायच्या आधी वजन कमी करायला सांगितलंय, ते करू ना? अर्थातच करा म्हटलं. पण फाइलमध्ये एक ओळ वाढवली. क्रिएटिनिन १.३ च राहिलं आणि वजन ९८ वरून ७४ वर आलं, तर खऱ्या वजनाने काढलेला क्लिअरन्स ६६ वरून ५० च्या खाली येतो. मूत्रपिंडात काहीही बदल न होता रिव्हरॉक्साबॅनचा डोस माहितीपत्रकाप्रमाणे १५ वर जायला हवा. वजन उतरताना स्नायूही काही प्रमाणात जातात, त्यामुळे क्रिएटिनिनही घसरेल आणि आकडा पुन्हा थोडा वर सरकेल. म्हणून दर तीन महिन्यांनी, किंवा वजन पाच किलोंनी हललं की, काट्यावर मोजलेलं वजन आणि त्याच आठवड्यातलं क्रिएटिनिन घेऊन हिशेब नव्याने करायचा, आणि वजन मुलाला विचारून भरायचं नाही, असं त्या ओळीत लिहिलं आहे.